घरातलं मस्टर

जीएसटीच्या कामात महिन्याचे सगळे दिवस सारखे नसतात. सात तारखेला टीडीएस भरायचा, अकराला विक्रीचं विवरण, चौदाला पोर्टलवर खरेदीचा तक्ता तयार होतो आणि वीसला मुख्य विवरण जातं. हे काम मी नवीन पनवेलच्या आमच्या घरी बसून करते. कळंबोलीच्या लोखंड बाजारातले दोघे-तिघे व्यापारी, तळोजा एमआयडीसीतले काही छोटे कारखानदार आणि जुन्या पनवेलमधली दुकानं अशी माझी गिऱ्हाइकं आहेत. सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, मंत्रालयात नोकरी करून निवृत्त झालेल्या. घरी बसून पैसे मिळवायला त्यांची हरकत कधीच नव्हती. त्यांना खटकायचं ते बंद दार. या विषयावर आमचं बोलणं अनेक दुपारी, तुकड्यातुकड्याने झालं. त्यांची बाजू पुरती ऐकून घेतली नसती तर माझं वेळापत्रक कागदावरच राहिलं असतं, म्हणून दोघींचं म्हणणं इथे जसंच्या तसं मांडते आहे.

आई : तू दार लावून बसतेस, त्याबद्दल काही नाही. पण बेल वाजली की उठायचं कोणी? सिलिंडरवाला, कुरिअर, वॉचमन, शेजारच्या वहिनी. माझे गुडघे तुला माहीत आहेत. तुझ्या कामाचे तास म्हणजे माझ्या उठण्या-बसण्याचे तास, असं झालंय.

मी : तुम्ही नोकरीला जायचात तेव्हा बेल कोण उघडायचं?

आई : माझ्या सासूबाई. तेच तर सांगते. १९९८ मध्ये लोकल पनवेलपर्यंत आली, त्याआधी मी एसटीने जात होते. सकाळी अंधारात निघायचं, रात्री आठला परत. लोक माझं कौतुक करायचे, बाई नोकरी करते म्हणून. त्या मागे राहून घर ओढायच्या, त्यांचं कोणी केलं नाही. मीसुद्धा नाही केलं फारसं. माझी नोकरी त्यांच्या पाठीवर उभी होती. आता तुझी माझ्या पाठीवर उभी राहू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

या एका वाक्यात सगळा पेच आहे. घरून काम करणारी बाई ‘मला त्रास देऊ नका’ म्हणते, तेव्हा तो त्रास नाहीसा होत नाही, तो घरातल्या दुसऱ्या कोणाकडे जातो. बहुतेक घरांत ती दुसरी व्यक्तीही बाईच असते, आणि वयाने मोठी. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि ते करणाऱ्या पुरुषांची ८८. सासू-सुनेने आपापसात कितीही वाटाघाटी केल्या तरी वाटणी त्या २८९ मधलीच होते. म्हणून आमची बोलणी दोघींतच ठेवायची नाहीत, रविवारी माझ्या नवऱ्यालाही बसवायचं, हे पहिल्यांदा आईंनीच सुचवलं.

पण त्याआधी त्यांना माझं काम समजून घ्यायचं होतं.

आई : तू म्हणतेस मध्ये उठलं की चुकतं. आम्हीही फायली बघायचो. शिपाई यायचा, साहेब बोलवायचे, फोन वाजायचा. परत येऊन फाईल पुढे सुरू. तुझं असं काय वेगळं आहे?

मी त्यांना शेजारी बसवलं आणि पंधरा तारखेचं काम दाखवलं. लोखंडाच्या एका व्यापाऱ्याची महिन्याची खरेदीची बिलं दोनशेच्या घरात जातात. डाव्या बाजूला त्याच्या वहीतली यादी आणि उजव्या बाजूला पोर्टलवरची, म्हणजे जीएसटीआर-२बी. विकणाऱ्याने आपल्या विवरणात जे बिल दाखवलं तेच उजवीकडे येतं, आणि जे तिथे आहे त्याचंच क्रेडिट घ्यायचं. बरीचशी बिलं एक्सेल आपोआप जुळवून देतं. उरलेली डोळ्यांनी बघावी लागतात. वहीत ४५७ लिहिलेलं असतं आणि पोर्टलवर ०४५७. कुठे रक्कम तीच पण तारीख मागच्या महिन्यातली, कुठे एकाच गाडीची दोन बिलं.

मी : आता बघा, ही ओळ जुळली, मी तिला हिरवं केलं. पुढची जुळत नाही, कारण हे बिल मागच्या महिन्यात घेतलंय का ते आधी शोधायला हवं. ते शोधायला मी मागच्या महिन्याची फाईल उघडली, आणि तेवढ्यात बेल वाजली. परत आल्यावर मी कुठल्या महिन्यात होते, हे बिल ‘घेतलं’ म्हणायचं होतं की ‘सोडलं’, ते पुन्हा पहिल्यापासून बघावं लागतं. तसं न बघता पुढे गेलं की एकच बिल दोनदा घेतलं जातं. जास्तीचं क्रेडिट वापरलं गेलं तर ते वर्षाला १८ टक्के व्याजासकट परत भरावं लागतं. ते पैसे व्यापाऱ्याचे जातात आणि गिऱ्हाईक माझं जातं.

आई : मग हे काम महिनाभर थोडं थोडं का करत नाहीस? वीस तारखेलाच काय आग लागते?

मी : उजवीकडची यादी चौदा तारखेलाच तयार होते, आई. त्याआधी मेळ लावायला समोर काहीच नसतं. चौदा ते वीस, मध्ये एक रविवार. सगळ्या गिऱ्हाइकांचं त्यात बसवायचं.

आई : आणि अकराचं काय?

मी : अकराला विक्री दाखवायची. ती राहिली तर दंड दिवसाला पन्नास रुपये. तो एक वेळ सोसेल. पण माझ्या व्यापाऱ्याने माल ज्याला विकला, त्याच्या चौदाच्या यादीत ते बिल दिसत नाही. मग तो म्हणतो, बिल दिसेपर्यंत पैसे थांबतील. लोखंडाच्या धंद्यात एका ट्रकचे पैसे अडकले की व्यापाऱ्याचा पुढचा माल अडतो.

यावर आई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मंत्रालयातल्या माणसाला मुदत आणि तिचे परिणाम नव्याने समजवावे लागत नाहीत. त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं आणि विचारलं, “म्हणजे रोज नाही. सात, अकरा, आणि चौदा ते वीस. बरोबर?”

माझ्या मते घरच्यांशी बोलताना इथेच गाडी रुळावर येते. ‘मी दिवसभर कामात असते’ हे कोणालाही खरं वाटत नाही, कारण ते खरं नसतंच. मी अकरा वाजता चहा घेताना त्यांना दिसते, दुपारी कपडे वाळत घालताना दिसते. दिसतं ते खोटं कसं मानायचं त्यांनी? घरापुढे ठेवायला हवेत ते मोडू न शकणारे तास आणि त्यांची कारणं. असे तास थोडे असले तरच घर ते पाळतं. मी यादी केली तेव्हा बिलांची नोंद करणं, बँकेचं स्टेटमेंट उतरवणं, गिऱ्हाइकांना आठवण करणं ही कामं मध्ये उठलं तरी चालतील अशी निघाली. मेळ लावणं आणि विवरण भरणं ही दोनच मोडता न येणारी. विवरण भरताना व्यापाऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी जातो, तो दुकानातून फोनवर सांगतो आणि तो आकडा थोडाच वेळ चालतो. गिऱ्हाईक काउंटरवर असताना त्याला दुसऱ्यांदा फोन करायचा म्हणजे त्याचीही चिडचिड.

आई : ठीक आहे. आता माझं ऐक. तू म्हणतेस तुझे तास पाळा. तू स्वतः पाळतेस का? मस्टरला दोन टोकं असतात. दहाला सही करून आत जायचं, साडेपाचला सही करून बाहेर यायचं. तुला आत जायची सही हवी आहे, बाहेर यायची नको. रात्री साडेनऊला जेवताना फोन घेतेस. परवा ताटावरून उठून आत गेलीस. मग आम्ही काय समजायचं? तुझं काम कधीही आत येऊ शकतं आणि आमचं काम तुझ्या वेळेत येऊ शकत नाही?

मी : दुकानदार दुकान बंद करूनच फोन करतो. त्याला दिवसा वेळ नसतो.

आई : त्याला वेळ नसतो म्हणून तो तुझा घेतो. तुला वेळ नसतो म्हणून तू माझा घेतेस. आमच्या कक्षात कोणी साडेपाचनंतर आलं तर आम्ही म्हणायचो, उद्या या. लोक उद्या यायचे.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि असायचं कारणही नाही, कारण त्यांचं बरोबर आहे. गिऱ्हाइकाला मर्यादा घालण्याची हिंमत नसलेला माणूस सगळी मर्यादा घरच्यांना घालतो. घरच्यांशी बोलणं सोपं, ते सोडून जाणार नसतात.

त्याच ओघात त्यांनी २०२३ चे गणपती काढले. त्या वर्षी चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. आमचा दीड दिवसाचा गणपती, म्हणजे विसर्जन २० ला, आणि विवरणाची शेवटची तारीखही २० च.

आई : उत्तरपूजा चालली होती आणि तू आत फोनवर कोणाला तरी आकडा विचारत होतीस. मी तेव्हा बोलले नाही. घरात पाहुणे होते. पण मला ते लागलं.

मी : तारीख सरकारची होती, आई.

आई : तारीख सरकारची, पण गणपती काय त्या वर्षी अचानक आले? पंचांगात वर्षभर आधी छापलेले असतात. सरकार मुदत वाढवतं की नाही कधी?

मी : वाढवतं, पण ऐन वेळी. २०२५ च्या दिवाळीत २० ऑक्टोबरला नरक चतुर्दशी होती. मुदत २५ पर्यंत वाढवली, पण ते कळलं अगदी दोन दिवस आधी. त्यावर विसंबून फराळाचा बेत कसा करायचा?

आई : मग विसंबू नकोस. सणाच्या महिन्यात तुझी शेवटची तारीख तूच आधी धर आणि लोकांना तीच सांग.

माझी व्यवस्था यानंतर उलट्या बाजूने सुरू झाली, म्हणजे घराच्या आधी गिऱ्हाइकांपासून. सगळ्यांना लिहून कळवलं की विक्रीची बिलं पाच तारखेपर्यंत आणि खरेदीची दहापर्यंत यायला हवीत, त्यानंतर आलेली बिलं पुढच्या महिन्यात धरली जातील. रात्री आठनंतर फोन नाही, निरोप टाकावा, सकाळी साडेनऊला उत्तर मिळेल. अपवाद फक्त वीस तारखेच्या ओटीपीचा. सणाच्या महिन्यात माझी अखेरची तारीख अठरा. एका दुकानदाराला हे जमलं नाही आणि त्याने काम दुसरीकडे दिलं. महिन्याला दीड हजार रुपये गेले. आईंना मी ते सांगितलं, कारण या व्यवस्थेची किंमत मीही मोजते आहे हे त्यांना कळायला हवं होतं.

मग रविवारी तिघे बसलो. नवरा सकाळच्या लोकलने मुंबईला जातो आणि रात्री साडेआठला येतो. ‘मी घरी नसतोच, मी काय करणार’ हे त्याचं पहिलं वाक्य. आईंनी त्याला विचारलं, सिलिंडर बुक होतो तेव्हा मेसेज कोणाच्या मोबाइलवर येतो? शाळेचा? सोसायटीचा? वीजबिलाचा? सगळीकडे माझाच नंबर होता. लग्नानंतर कधीतरी एकेक करून दिला गेलेला, कारण ‘तू घरीच असतेस’.

दार बंद करून उपयोग का होत नाही, ते मला तेव्हा पुरतं समजलं. बाहेरचं जग त्या नंबरवरून थेट टेबलापर्यंत येतं. सिलिंडर घेताना द्यायचा कोड नोंदवलेल्या मोबाइलवर येतो. तो माझ्याकडे आला की दार आईंनी उघडलं तरी उठायचं मलाच. आता गॅसचा नंबर नवऱ्याचा आहे. तो कोड आला की लगेच आईंना पाठवतो, त्या डिलिव्हरीवाल्याला दाखवतात. शाळेच्या नोंदीत पहिला संपर्क वडील, दुसरा मी. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नवरा आहे, मी बाहेर पडले. नंबर बदलायला चार-पाच दिवसांत थोडा थोडा वेळ गेला, गॅस एजन्सीत एक फेरी झाली. बाकी कुठल्याही नियमाने इतका फरक पडलेला नाही.

तास आम्ही घराकडे बघून ठरवले. सकाळी पाणी भरून होतं, कामवाल्या मावशी सव्वानऊला जातात, मुलाची व्हॅन दुपारी सव्वाला येते. म्हणून साडेनऊ ते साडेबारा हे माझे पक्के तास. दोन ते चार आई झोपतात. तेव्हा मी नोंदीचं काम करते आणि बेल मी उघडते. त्या वेळेत हॉलमध्ये फोनवर बोलायचं नाही, ही त्यांची अट. चौदा ते वीस संध्याकाळी साडेपाच ते साडेसात जास्तीचे. त्या दिवसांत मुलाला खाली खेळायला न्यायचं काम आईंना झेपत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यामुळे नवऱ्याने त्या आठवड्यात एक गाडी लवकरची पकडायची, मुलाचा अभ्यास आणि जेवण त्याच्याकडे. आणि महिन्यातून तेवढे दिवस पोळ्या करायला बाई लावली, तिचे पैसे माझ्या मिळकतीतून.

आई : पोळ्यांच्या बाईचे पैसे तू का द्यायचे? घर काय तुझं एकटीचं आहे?

मी : काम माझं आहे ना.

आई : मी नोकरीला होते तेव्हा माझ्या लोकलच्या पासाचे पैसे घरखर्चातूनच जायचे. तुझा पास समज. घरातून जाऊ देत.

ते पैसे आता घरखर्चातून जातात.

मोडायला परवानगी असलेल्या गोष्टीही लिहून ठेवल्या आहेत: कोणी पडलं, ताप आला, गॅसचा वास आला, शाळेचा फोन आला. नातेवाइकांचे फोन त्यात नाहीत. तो भाग आईंनी स्वतःकडे घेतला आणि तो त्यांनाच जमणारा होता. नणंदेने किंवा मावशींनी सकाळी फोन केला तर त्या सांगतात, ती कामावर आहे, एकनंतर करेल. हेच मी सांगितलं असतं तर सून शिष्ट ठरली असती.

पहिल्या महिन्यात जे बिघडलं तेही सांगायला हवं. आई दारावर टकटक करत नसत, पण दार हळूच उघडून बघायच्या, मी फोनवर आहे का ते. डोळे वर जायचे आणि ओळ सुटायची. त्यांचा हेतू चांगला होता, म्हणून बोलणं अवघड होतं. उपाय साधा निघाला. अडलेली गोष्ट त्या फ्रिजवरच्या वहीत लिहितात आणि मी साडेबाराला बाहेर आले की आधी ती वही बघते, पाणी पिण्याआधी. हे मी दोनदा विसरले असते तर त्यांनी लिहिणं सोडलं असतं. आपण ठरल्या वेळी नक्की बाहेर येऊ, असा घरच्यांचा विश्वास बसला की ते वाट बघतात.

आई : अजून एक राहिलं. तू आजारी पडलीस तर?

मी : म्हणजे?

आई : मला रजा होती. किरकोळ रजा, अर्जित रजा, सगळी. तुला कोण देणार? तू ताप असतानाही आत बसशील आणि आम्ही दार वाजवायचं नाही असं ठरलंय.

हा प्रश्न अजून सुटलेला नाही. खारघरला माझ्यासारखंच काम करणारी एक मैत्रीण आहे. एकमेकींची कामं अडीअडचणीला करायची असं आम्ही ठरवतो आहोत. पण गिऱ्हाइकाचा पासवर्ड दुसऱ्याला द्यायचा तर त्याची संमती लागते आणि जुने व्यापारी त्याला तयार होत नाहीत. तोपर्यंत वहीत आईंनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली आहे: ताप असेल तर दार उघडं.

२०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरची, म्हणजे खरेदीची यादी तयार होते त्याच दिवसाची. त्या महिन्यात माझी अठरा तारीख धरली की हाताशी फार थोडे दिवस राहतात. गिऱ्हाइकांना त्याची सूचना लेखी द्यायची आणि घरात मोदकांपासून विसर्जनापर्यंतची कामं तिघांत वाटायची, हे आम्ही कालनिर्णयावर लिहून ठेवलं आहे.

तुमच्या घरात कोणी घरून काम करत असेल, मग ती सून असो, मुलगा असो की तुम्ही स्वतः, तर वेळापत्रक नंतर करा. गॅस, शाळा, सोसायटी आणि वीजबिल या चारही ठिकाणी कोणाचा मोबाइल नंबर नोंदवलेला आहे, तेवढं आज बघा.